अरबीतला ‘नाही’ आणि त्याचं इंग्रजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातातून येणारी पगाराची पत्रं, करार आणि नोकरीचे दाखले अरबीतून इंग्रजीत करून देणं हा माझा धंदा आहे. हे काम शिकायला जी मुलं येतात त्यांची गाडी हमखास नकारापाशी अडते. अरबीत ‘नाही’साठी लम्, लम्मा, मा, ला, लन्, लैस असे अर्धा डझन शब्द आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा घातला की काळच बदलतो. मुलं मला जे प्रश्न विचारतात तेच इथे घेतले आहेत.

वाचण्यापूर्वी लिपीबद्दल एक सूचना. अरबी शब्द देवनागरीत लिहिताना शेवटच्या अक्षराचा पाय मोडला असेल तर तिथे स्वर नाही असं समजा. पाय मोडला नसेल तर शेवटचा ‘अ’ संस्कृतासारखा पूर्ण म्हणा. म्हणजे ‘यक्तुब्’ आणि ‘यक्तुब’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पुढचा बराच खेळ या एका ‘अ’वर चालतो.

मराठीत एका ‘नाही’वर भागतं, मग अरबीला इतके शब्द कशाला?

आपलं खरंच एकावर भागतं का ते आधी पाहा. ‘लिहिलं नाही’, ‘लिहीत नाही’, ‘लिहिणार नाही’ यांत ‘नाही’ तोच राहतो आणि काळ दाखवायचं काम आधीचं क्रियापद करतं. मनाई करायची झाली की मात्र आपणही ‘नाही’ सोडून ‘लिहू नकोस’ म्हणतो.

अरबीत हे काम उलट्या बाजूने होतं. क्रियापद जवळजवळ तेच राहतं आणि काळ नकाराच्या शब्दात असतो. ‘लम् यक्तुब्’ म्हणजे त्याने लिहिलं नाही, ‘ला यक्तुबु’ म्हणजे तो लिहीत नाही आणि ‘लन् यक्तुब’ म्हणजे तो लिहिणार नाही. तिन्ही ठिकाणी वर्तमानाचं ‘यक्तुबु’ हेच रूप आहे, फक्त त्याच्या शेपटीचा स्वर बदलतो.

आता हेच इंग्रजीत म्हणा: ‘ही डिड नॉट राइट’, ‘ही डझ नॉट राइट’, ‘ही विल नॉट राइट’. इथेही ‘राइट’ जागचं हललेलं नाही. काळ सगळा डिड, डझ आणि विलमध्ये आहे. या बाबतीत अरबी आणि इंग्रजी सख्ख्या बहिणी वाटतात आणि मराठी लांबची. म्हणून माझा आग्रह असतो की अरबी नकार आधी मराठीत आणून मग इंग्रजीत नेऊ नका. थेट जोडी लावा: लम् म्हणजे डिड नॉट, ला म्हणजे डझ नॉट, लन् म्हणजे विल नॉट. ही जोडी पक्की झाली की ती कुठे मोडते ते बघता येतं.

‘लम्’ भूतकाळाचा नकार, तर पुढे वर्तमानाचं रूप का?

‘कतब’ म्हणजे त्याने लिहिलं. म्हणून नवशिके ‘लम् कतब’ लिहितात. ही चूक इंग्रजीतल्या ‘डिड नॉट रोट’ची जुळी बहीण आहे. भूतकाळ एकदा ‘डिड’मध्ये आला की तो ‘राइट’मध्ये पुन्हा लागत नाही, तसाच तो एकदा ‘लम्’मध्ये आला की क्रियापदात लागत नाही.

जुने अरबी वैयाकरणी ‘लम्’ची ओळख तीन शब्दांत करून देतात: नफी, जज़्म आणि कल्ब. नफी म्हणजे नकार. जज़्म म्हणजे क्रियापदाचा शेवटचा स्वर कापणं, ‘यक्तुबु’चं ‘यक्तुब्’ होणं. कल्ब म्हणजे उलटवणं, वर्तमानाच्या रूपाला भूतकाळात ढकलणं.

छापील मजकुरात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे ‘यक्तुबु’ आणि ‘यक्तुब्’ कागदावर सारखेच दिसतात. पण ज्या क्रियापदांच्या पोटात किंवा शेवटी दीर्घ स्वर असतो तिथे कापाकापी डोळ्यांना दिसते. ‘यकूलु’ (तो म्हणतो) याचं ‘लम् यकुल्’ होतं आणि मधलं अक्षर उडतं. ‘यम्शी’ (तो चालतो) याचं ‘लम् यम्शि’ होऊन शेवटचं अक्षर जातं. अनेकवचनात ‘यक्तुबून’चा ‘न’ गळून ‘लम् यक्तुबू’ उरतं. कुणी ‘लम् यकूलु’ लिहिलं असेल तर एक तर लिहिणारा कच्चा आहे, नाहीतर ते ‘लम्’ नाहीच. कारण स्वरांशिवाय ‘लम्’ आणि ‘लिम’ (म्हणजे ‘का?’) सारखेच लिहिले जातात. पुढचं क्रियापद कापलेलं नसेल आणि वाक्याशेवटी प्रश्नचिन्ह असेल, तर तो ‘का?’ आहे.

मग ‘लम्’चं इंग्रजी नेहमी ‘डिड नॉट’ करायचं?

इथेच जोडी पहिल्यांदा मोडते. ‘लम्’ एवढंच सांगतो की गोष्ट घडली नाही. ती अजूनही घडायची बाकी आहे की विषय संपला, याबद्दल तो गप्प असतो. इंग्रजीला असं गप्प बसता येत नाही. तिला ‘डिड नॉट’ किंवा ‘हॅज नॉट’ यांतलं एक निवडावंच लागतं, आणि ती निवड तुमच्या गळ्यात पडते.

खुणा आजूबाजूला शोधा. ‘अम्सि’ (काल) किंवा एखादी तारीख असेल तर ‘डिड नॉट’. ‘हत्तल्-आन’ (आतापर्यंत) किंवा ‘बअ्दु’ (अजून) असेल तर ‘हॅज नॉट’. ‘लम् यसिल् बअ्दु’ म्हणजे ‘ही हॅज नॉट अराइव्ह्ड यट’. यांपैकी काहीच नसेल तर पत्राची तारीख आणि पुढचं वाक्य बघायचं. याचं उदाहरण खाली एका पत्रात आहे.

‘कत्तु’ हा शब्द भूतकाळाच्या नकाराला जोडून येतो: ‘लम् अरहु कत्तु’ म्हणजे ‘आय हॅव नेव्हर सीन हिम’. भविष्यासाठी ‘अबदन्’ वापरतात: ‘लन् अफ्अलहु अबदन्’ म्हणजे ‘आय विल नेव्हर डू इट’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘नेव्हर’ येतं, पण अरबीत चोखंदळ लेखक त्यांची अदलाबदल करत नाही.

‘लम्’ आणि ‘लम्मा’ यांत काय फरक?

‘लम्मा’ म्हणजे ‘अजून नाही, पण वाट आहे’. कुराणाच्या 49व्या सूरेतल्या 14व्या आयतीत दोन्ही शब्द शेजारी आले आहेत, आणि फरक समजायला यापेक्षा चांगली जागा मला सापडलेली नाही. वाळवंटातले अरब म्हणतात, आम्ही श्रद्धा ठेवली. उत्तर येतं, ‘लम् तुअ्मिनू’, तुम्ही श्रद्धा ठेवलेली नाही. ‘आम्ही शरण आलो’ असं म्हणा. आणि पुढे येतं ‘व लम्मा यद्खुलिल्-ईमानु फी कुलूबिकुम्’, श्रद्धा तुमच्या अंतःकरणात अजून शिरलेली नाही. पहिला नकार त्यांचा दावा खोडतो, दुसरा दार उघडं ठेवतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘हॅव नॉट’ चालतं, दुसऱ्यासाठी ‘हॅज नॉट यट’ हवंच. ‘यट’ गाळलंत तर दार बंद होतं.

आजच्या वर्तमानपत्री अरबीत हा ‘लम्मा’ क्वचित दिसतो. त्याचं काम ‘लम् … बअ्दु’ने घेतलं आहे. ‘लम्मा’ दिसलाच तर पुढचं क्रियापद बघा. ते भूतकाळी असेल (‘लम्मा वसल’) तर तो नकार नसून ‘जेव्हा’ आहे: ‘व्हेन ही अराइव्ह्ड’.

‘मा कतब’ आणि ‘लम् यक्तुब्’ एकच ना?

काळ एकच, पण सूर वेगळा. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या सीबवैहि या वैयाकरण्याने आपल्या ‘अल्-किताब’मध्ये नकारांची मांडणी फार हुशारीने केली आहे. त्याच्या लेखी प्रत्येक नकार म्हणजे कुणाच्या तरी विधानाला दिलेलं उत्तर. कुणी नुसतं ‘फअल’ (त्याने केलं) म्हणालं तर उत्तर ‘लम् यफ्अल्’. कुणी ‘कद् फअल’ (केलंय त्याने) म्हणालं तर उत्तर ‘लम्मा यफ्अल्’. आणि कुणी ‘लकद् फअल’ असं ठासून, जणू शपथेवर म्हणालं, तर उत्तर ‘मा फअल’. भविष्यातल्या ‘सौफ यफ्अलु’ला उत्तर ‘लन् यफ्अल’.

मला शिकवताना याच्यापेक्षा उपयोगी दुसरं काही मिळालेलं नाही. नकार समोर आला की स्वतःला विचारायचं: हे कोणत्या विधानाचं उत्तर आहे? ‘मा’मध्ये आरोप फेटाळल्याचा सूर असतो. ‘लम् अकुल् हाज़ा’ म्हणजे ‘आय डिड नॉट से दिस’. ‘मा कुल्तु हाज़ा’ म्हणजे ‘आय नेव्हर सेड दिस’, आपल्या ‘मी असं म्हटलेलंच नाही’मधल्या ‘च’सारखं. इथे इंग्रजी ‘नेव्हर’चा अर्थ ‘आयुष्यात कधीही’ असा नसतो. तो एका प्रसंगाबद्दलचा ठाम इन्कार असतो.

बोलीभाषेत मात्र हा भेद राहत नाही. आखातात बोलताना भूत असो की वर्तमान, ‘मा’च चालतो. कोकणातून दुबई-कुवेतला जाऊन आलेल्या कुणालाही ‘माफी मुश्किल’ ठाऊक असतं. त्यातला ‘मा फी’ म्हणजे ‘नाहीच’, लेखी अरबीत ‘ला यूजदु’ किंवा ‘लैस हुनाक’. आखातात दहा वर्षं काढलेला माणूस अस्खलित बोलतो आणि लिहायला बसला की सगळीकडे ‘मा’ टाकतो, त्याचं कारण हेच. कानाने शिकलेल्या भाषेत ‘लम्’ त्याच्या वाट्याला आलेलाच नसतो.

आणि ‘मा’ दिसला की तो नकारच असेल असंही नाही. तो ‘काय’ही असतो, ‘जे’ही असतो. ‘मा दाम’ म्हणजे ‘जोपर्यंत’.

‘ला’ वर्तमानाचा नकार आहे की मनाईचा?

दोन्हींचा. ‘ला यक्तुबु’मध्ये क्रियापदाचा शेवट शाबूत असतो: तो लिहीत नाही. ‘ला तक्तुब्’मध्ये शेवट कापलेला असतो: लिहू नकोस. स्वरचिन्हांशिवाय ‘ला तक्तुब्’ (लिहू नकोस) आणि ‘ला तक्तुबु’ (तू लिहीत नाहीस, किंवा ती लिहीत नाही) हुबेहूब दिसतात. तिथे संदर्भावाचून सुटका नाही. अनेकवचनात मात्र ‘न’ साक्ष देतो: ‘ला तक्तुबून’ म्हणजे तुम्ही लिहीत नाही, ‘ला तक्तुबू’ म्हणजे लिहू नका.

वर्तमानातही ‘ला’ एकटाच दोन घरं सांभाळतो. ‘ला युदख्खिनु’ म्हणजे ‘ही डझ नॉट स्मोक’ आणि प्रसंगी ‘ही इज नॉट स्मोकिंग’सुद्धा. सवय किंवा नियम असेल तर पहिलं, ‘अल्-आन’ (आत्ता) असेल तर दुसरं.

करारात तिसराच पेच येतो. ‘ला यजूज़ु लिल्-आमिलि…’ म्हणजे ‘कामगाराला … करता येणार नाही’. इंग्रजीत लोक सर्रास ‘द वर्कर मे नॉट’ लिहितात. ते चूक नाही, पण ‘मे नॉट’ हे ‘कदाचित करणार नाही’ असंही वाचता येतं. करारात कुणाला फट सापडू नये म्हणून मी ‘शॅल नॉट’ किंवा ‘इज नॉट परमिटेड टू’ लिहितो.

‘लन्’ म्हणजे ‘कधीच नाही’ का?

नाही. पण हा गैरसमज आजचा नाही, त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. कुराणाच्या 7व्या सूरेत (आयत 143) मूसा देवाला पाहण्याची इच्छा करतो आणि उत्तर मिळतं, ‘लन् तरानी’, तू मला पाहणार नाहीस. परलोकातही देव डोळ्यांना दिसणार नाही असं मुअ्तज़िला पंथाचे विद्वान मानत. ‘लन्’ कायमचा नकार सांगतो असं मानलं तर ही आयत त्यांच्या बाजूने उभी राहते. बाराव्या शतकातले मोठे भाषापंडित ज़मख़्शरी हे याच पंथाचे, आणि ‘लन्’चा हा अर्थ त्यांच्या नावावर सांगितला जातो.

चौदाव्या शतकातल्या इब्न हिशाम या वैयाकरण्याने यावर दिलेलं उत्तर भाषेतूनच आलेलं आहे. 19व्या सूरेत (आयत 26) मरियमला असं म्हणायला सांगितलं आहे: ‘फ लन् उकल्लिमल्-यौम इन्सिय्या’, आज मी कुणाही माणसाशी बोलणार नाही. ‘लन्’ म्हणजे ‘कधीच नाही’ असतं, तर त्याच्या शेजारी ‘आज’ कसा बसला असता? मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

तेव्हा इंग्रजीत ‘विल नॉट’ लिहा आणि ‘नेव्हर’ फक्त ‘अबदन्’ असेल तेव्हाच घ्या. ‘इज नॉट गोइंग टू’ही चालतं, विशेषतः बोललेल्या संवादात. ‘लन् अद्फअ’ असं माणूस स्वतःबद्दल म्हणतो तेव्हा ‘आय विल नॉट पे’ मध्ये नकाराबरोबर हट्टही येतो, आणि बहुतेक वेळा अरबीतही तो असतोच.

बातम्यांत ‘सौफ लन्’ अशी जोडी दिसते. ‘सौफ’ भविष्याचा, ‘लन्’ही भविष्याचा, म्हणून जुन्या वळणाचे शिक्षक त्यावर लाल रेघ मारतात. भाषांतरात काही फरक पडत नाही, ‘विल नॉट’च.

‘लैस’ कुठे वापरायचा?

जिथे क्रियापद नसतं तिथे. ‘लैसल्-मुदीरु हाज़िरन्’ म्हणजे ‘द मॅनेजर इज नॉट प्रेझेंट’. गंमत अशी की रूपाने ‘लैस’ भूतकाळी आहे आणि अर्थाने वर्तमान. तो कर्त्याप्रमाणे बदलतोही: लस्तु (मी), लस्त (तू), लैसू (ते). आपल्या नाही, नाहीस, नाहीतची आठवण येते. हेच वाक्य काल घडलं असेल तर ‘लम् यकुनिल्-मुदीरु हाज़िरन्’, ‘वॉज नॉट’. उद्याचं असेल तर ‘लन् यकूनल्-मुदीरु हाज़िरन्’, ‘विल नॉट बी’. नुसतं विशेषण नाकारायचं असेल तर ‘गैर हाज़िर’. हा आपल्या हजेरीपटावरचाच ‘गैरहजर’, इंग्रजीत ‘ॲब्सेंट’.

एखादं पत्र शेवटपर्यंत करून दाखवाल का?

हे चार ओळींचं तक्रारपत्र मी वर्गासाठी रचलं आहे, पण असे अर्ज खरोखर याच ठेक्यात येतात. ‘सरफ’ म्हणजे पैसे अदा करणं.

‘लम् तस्रिफिश्-शरिकतु रातिब शह्रि मारिस. व लम् यस्तलिमिल्-आमिलु अय्य मब्लगिन् हत्तल्-आन. व ला तस्रिफुश्-शरिकतु बदलस्-सकन. व लन् यऊदल्-आमिलु इलल्-अमलि मा लम् युस्रफ् रातिबुहु.’

पहिलं वाक्य: कंपनी, मार्चचा पगार, ‘लम्’. (‘तस्रिफ्’च्या शेवटी ‘इ’ दिसतो तो फक्त पुढच्या शब्दाशी जोडून म्हणण्यासाठी आला आहे, जज़्म कायम आहे.) हात आपोआप लिहितो: ‘द कंपनी डिड नॉट पे द मार्च सॅलरी’. पण हे वाचणारा इंग्रज अधिकारी विचारेल, मार्चमध्ये दिला नाही, मग एप्रिलमध्ये दिला का? ‘डिड नॉट’ने ती शंका मोकळी राहते.

दुसरं वाक्य ‘हत्तल्-आन’ घेऊन येतं आणि निकाल लावतं: ‘द वर्कर हॅज नॉट रिसीव्ह्ड एनी अमाउंट सो फार’. म्हणजे पगार आजही थकलेला आहे. आता मागे जाऊन पहिलं वाक्य सुधारायचं: ‘द कंपनी हॅज नॉट पेड द मार्च सॅलरी’. अरबीत दोन्ही ठिकाणी ‘लम्’च होता, मात्र इंग्रजीचा निर्णय पुढच्या वाक्याने दिला. म्हणून पूर्ण पत्र वाचल्याशिवाय पहिली ओळ पक्की करायची नाही.

तिसरं वाक्य: ‘ला तस्रिफु’. इथे महिन्याचं नाव नाही, तारीख नाही. घरभाडं भत्ता एकदा चुकला असं हे सांगत नाही, तो दिला जातच नाही असं सांगतं. ‘द कंपनी डझ नॉट पे अ हाउसिंग अलाउन्स’. ‘हॅज नॉट पेड’ लिहिलंत तर ही फक्त थकबाकी वाटेल, आणि मागणीच बदलेल.

चौथं वाक्य बघा. ‘लन् यऊद’ सोपं आहे: ‘द वर्कर विल नॉट रिटर्न टू वर्क’. शेपटाला ‘मा लम् युस्रफ्’ आहे. इथला ‘मा’ नकार नाही, तो ‘जोवर’ आहे, आणि नकार ‘लम्’चा. शब्दशः ‘जोवर त्याचा पगार अदा होत नाही’. आणि हा ‘लम्’ भूतकाळही सांगत नाही, कारण अट पुढच्या काळाची आहे. इंग्रजीत सगळं गोळा होऊन ‘अनलेस’मध्ये जातं: ‘अनलेस हिज सॅलरी इज पेड’. ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच असल्यामुळे क्रियापद होकारार्थी ठेवायचं. ‘अनलेस हिज सॅलरी इज नॉट पेड’ लिहिलंत तर कामगार पगार मिळाल्यावर संपावर जाईल! मराठीत आपण ‘पगार मिळत नाही तोवर’ म्हणतो, म्हणून आपल्या हातून हा जादाचा ‘नॉट’ वारंवार पडतो.

करारांत हाच साचा रोज भेटतो: ‘मा लम् युत्तफक् अला गैरि ज़ालिक’, म्हणजे ‘अनलेस अदरवाइज ॲग्रीड’.

‘लम्’ भूतकाळ सांगत नाही, अशा आणखी जागा आहेत का?

अट असेल तिथे. ‘इन् लम् तह्ज़ुर् गदन्’ म्हणजे ‘तू उद्या आला नाहीस तर’. मराठीतही ‘आला नाहीस’ हे भूतकाळीच रूप आहे आणि ‘उद्या’शी त्याचं भांडण होत नाही, त्यामुळे आपल्याला हे वाक्य लगेच पटतं. इंग्रजी मात्र वर्तमान मागते: ‘इफ यू डू नॉट कम टुमॉरो’. ‘डिड नॉट’ लिहिलंत तर वाक्य काल्पनिक होऊन बसतं. ‘इन्’च्या जागी ‘लौ’ असेल तर गोष्ट खरोखर काल्पनिक असते: ‘लौ लम् तह्ज़ुर्’ म्हणजे ‘इफ यू हॅड नॉट कम’, तू आला नसतास तर.

नकार दिसतो पण अर्थ नकाराचा नाही, असं का होतं?

काही क्रियापदं नकाराशी इतकी घट्ट जोडली गेली आहेत की जोडीचाच नवा अर्थ झाला आहे. ‘मा ज़ाल’ आणि ‘ला यज़ालु’ यांचा शब्दशः अर्थ ‘थांबला नाही’, प्रत्यक्षात ‘अजूनही’: ‘ला यज़ालु यअ्मलु’ म्हणजे ‘ही स्टिल वर्क्स’. ‘लम् … इल्ला’ म्हणजे ‘फक्त’: ‘लम् यह्ज़ुर् इल्लल्-मुदीरु’ म्हणजे ‘ओन्ली द मॅनेजर केम’. इंग्रजीत ‘नो वन केम एक्सेप्ट’ असं लांबण लावायची गरज नाही.

‘लम् यउद्’ने मात्र मला एकदा तोंडघशी पाडलं आहे. शब्दशः अर्थ ‘तो परतला नाही’. पुढे दुसरं क्रियापद आलं की तोच होतो ‘आता नाही’, इंग्रजीत ‘नो लाँगर’. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका दाखल्यात ‘लम् यउद् यअ्मलु लदैना’ आलं. अर्थ साधा होता: हे गृहस्थ आता आमच्याकडे काम करत नाहीत. मी लिहिलं, ‘ही डिड नॉट रिटर्न टू वर्क विथ अस’. झालं! रीतसर राजीनामा दिलेला माणूस माझ्या इंग्रजीत सुट्टीवर जाऊन पळालेला ठरला, आणि आखातात कामावरून पळाल्याचा शिक्का किती महाग पडतो हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. नव्या नोकरीच्या मुलाखतीत त्याला त्याबद्दल विचारलं गेलं तेव्हा चूक कळली. मी दाखला बदलून दिला, पैसे परत केले, आणि तेव्हापासून ‘यउद्’च्या पुढे क्रियापद आहे की नाही हे बोट ठेवून बघतो. क्रियापद असेल तर ‘नो लाँगर’, ‘इला’ म्हणजे ‘कडे’ असेल तर खरंच ‘परतला नाही’.

‘सगळे आले नाहीत’ याचं काय करायचं?

हे मराठी वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं: काही आले काही नाही, किंवा एकही आला नाही. अरबी अलंकारशास्त्रात यावर बारकाईने विचार झाला आहे, आणि शब्दक्रम फरक दाखवतो. ‘लम् यह्ज़ुर् कुल्लुत्-तुल्लाबि’, नकार आधी आणि ‘कुल्लु’ (सगळे) नंतर, म्हणजे सगळे आले नाहीत, काही आले: ‘नॉट ऑल द स्टुडंट्स केम’. ‘कुल्लुत्-तुल्लाबि लम् यह्ज़ुरू’, ‘कुल्लु’ आधी आणि नकार नंतर, म्हणजे एकही नाही: ‘नन ऑफ द स्टुडंट्स केम’.

आजचे लेखक हा क्रम कायम पाळतात असं नाही, म्हणून आकडा किंवा पुढचं वाक्य मिळालं तर पडताळून घ्या. पण इंग्रजीत ‘ऑल द स्टुडंट्स डिड नॉट कम’ कधीही लिहू नका, ते मराठी वाक्याइतकंच दुतोंडी आहे. मूळ लेखकाला काय म्हणायचं होतं ते खरोखर कळत नसेल, तर ज्याने कागद दिला त्याला फोन करून किती जण आले होते ते विचारा.